आधी पंचांग उघडा, मग एकादशी सांगा



ज्याच्या घरात पंचांग नाही, त्याने गावाला एकादशी सांगू नये. बोल कडू आहे, पण आता तो बोलायची वेळ आली आहे. पूर्वी कीर्तन संपले, आरती व्हायची असली की वीणेकरी किंवा बुवा उभे राहून सांगत, "मंडळी, अमुक वारी एकादशी, काकडा इतक्या वाजता." सांगणारा समोर असे. चुकले तर दुसऱ्या दिवशी पारावर त्यालाच विचारता येई. आता विठोबाचे चित्र, मागे टाळांचा आवाज, एक ओळखीचा नसलेला गळा, आणि शेवटी "अकरा जणांना पाठवा." सांगणारा कोण, कुठला, कोणते पंचांग पाहून बोलतो, काही कळत नाही. आणि आपण पाठवतो.

माझा राग फोनवर नाही. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मीही जुन्या बुवांची कीर्तने फोनवरच ऐकतो. राग आहे तो एका व्हिडिओवरून दुसरा व्हिडिओ करण्याच्या रीतीवर. त्यातून काय होते ते शके १९४७ च्या कार्तिकीला, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, आम्ही पारोळ्यात बसून पाहिले. तेच प्रकरण आज तुमच्यापुढे सविस्तर मांडतो, कारण त्यात सगळे दोष एके ठिकाणी सापडतात.

त्या आठवड्यात एका व्हिडिओत एकादशी १ नोव्हेंबर, शनिवार. दुसऱ्यात २ नोव्हेंबर, रविवार. दोन्हीत पांडुरंग कटेवर हात ठेवून उभा. शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "बाबा, एकादशी आज शे का सकाय शे?" पंढरपुरात एकादशी रविवारी झाली, शासकीय महापूजाही रविवारीच पहाटे झाली. मग शनिवार आला कुठून?

पंचांग उघडा म्हणजे कळेल. एकादशी तिथी शनिवारी सकाळी ९ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास लागली आणि रविवारी सकाळी ७ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास संपली. व्हिडिओ करणाऱ्याने एवढेच पाहिले तर तो म्हणणार, शनिवारी दिवसभर आणि रात्रभर एकादशी, रविवारी जेमतेम सकाळी, तेव्हा शनिवारच खरा. हिशेब सरळ वाटतो, पण तिथीचा दिवस तासांच्या बेरजेने ठरत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी जेमतेम वीस तासांची, कधी सव्वीस तासांहूनही मोठी. ती दुपारी लागेल, मध्यरात्री संपेल, तिला आपल्या घड्याळाशी देणेघेणे नाही. म्हणून दिवसाला नाव देताना सूर्योदयाला कोणती तिथी आहे हे पाहतात. पारोळ्यात त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या पुढे दोन मिनिटांनी उगवत होता. शनिवारी सूर्योदयाला दशमी होती. रविवारी सूर्योदयाला एकादशी होती, पुढे अवघा एक तास राहिली, पण होती.

मग शनिवार सांगणारे सगळे खोटे का? नाहीत, आणि इथेच प्रकरण नाजूक होते. त्या वेळची द्वादशी लहान होती. रविवारी सकाळी ७.३१ ला लागली आणि सोमवारचा सूर्य उगवायच्या आधी, पहाटे ५ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास संपली. तिला एकही सूर्योदय मिळाला नाही, म्हणजे द्वादशीचा क्षय झाला. स्मार्त मताचा गृहस्थ म्हणतो, पारणे द्वादशीत व्हायला हवे. रविवारी उपवास धरला तर सोमवारी सकाळी द्वादशी उरतच नाही, तेव्हा शनिवारी उपवास आणि रविवारी पारणे. भागवत मताचा माणूस म्हणतो, जिला दशमीचा स्पर्श झाला ती एकादशी मी धरणार नाही. तो स्पर्शही सूर्योदयाला पाहत नाही, अरुणोदयाला पाहतो, म्हणजे सूर्योदयाआधी चार घटका, आपल्या मापाने ९६ मिनिटे. शनिवारी अरुणोदयाला दशमी, सूर्योदयालाही दशमी. म्हणून त्याचा उपवास रविवारी. हा भेद कोणा व्हिडिओवाल्याने काढलेला नाही. काशीनाथशास्त्री पाध्ये यांनी 'धर्मसिंधु' १७९० साली लिहिला तो पंढरपुरातच, आणि त्यात एकादशीचा निर्णय पानेच्या पाने आहे. दशमीवेध, द्वादशीची वाढ, तिचा क्षय, प्रत्येकाचे वेगळे उत्तर.

तेव्हा उत्तरेतल्या कोणी आपल्या माणसांना 'देवउठनी एकादशी शनिवारी' असे सांगितले, तर त्याने चूक केली नाही. चूक केली ती आमच्या मराठी भावाने. त्याने ते वाक्य उचलले, देवउठनीच्या जागी 'कार्तिकी' घातले, चित्र पंढरीचे लावले आणि वार तोच ठेवला. स्मार्त एकादशी भागवतांच्या गळ्यात घातली. आपण वारकरी भागवत एकादशी धरतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पंढरीच्या वारीची घोषणा करायला जाऊच नये.

एका गावच्या भजनी मंडळाने (गावाचे नाव घेत नाही, माणसे भोळी आहेत) तसाच व्हिडिओ पाहून जीप ठरवली. शुक्रवारी संध्याकाळी निघाले, रात्रभर प्रवास करून शनिवारी पहाटे चंद्रभागेवर. स्नान झाले, कळसाचे दर्शन झाले, रांग मोठी म्हणून मुखदर्शनावर भागवले. रविवारी कापूस वेचायला घरी पोचायचे म्हणून शनिवारी दिवेलागणीला जीप परत फिरली. वाटेत चहाला थांबले तेव्हा समोरून दिंड्या अजून पंढरीकडेच चालल्या होत्या. त्यांतल्या एका बाईने मला विचारले, "बाबा, आम्ही उपवास केला तो वाया गेला का?" मी म्हटले, देवाच्या दारी केलेला उपवास वाया जात नाही. तिला तेच सांगायला हवे होते. पण तेच उत्तर व्हिडिओ करणाऱ्याला द्यायला मी तयार नाही. त्याने तिचा जागर हुकवला, दिंडीची संगत हुकवली, जीपचे भाडे घालवले. आणि हे सारे कशासाठी, तर बारा रुपयांचेही काम न देणाऱ्या अंगठ्यांसाठी.

आणखी एक गोंधळ झाला, तो याहून वाईट. बारस कधी सोडायची याची वेळ शनिवारच्या व्हिडिओंत होती: रविवारी दुपारी एकच्या पुढे. ती वेळ खोटी नव्हती. द्वादशीचा पहिला चौथा भाग म्हणजे हरिवासर, त्यात पारणे करत नाहीत. द्वादशी साडेएकवीस तासांच्या आसपास होती, तिचा चौथा हिस्सा सव्वापाच-साडेपाच तासांचा. सकाळच्या ७.३१ मध्ये तो मिळवला की १२.५५ येतात. शनिवारी उपवास धरणाऱ्याला रविवारी एकच्या आधी जेवता येत नव्हते, म्हणून ती वेळ. आता एका उत्साही मुलाने काय केले? एकादशीचा दिवस दुरुस्त करून रविवार केला, कारण पंढरपूरची बातमी त्याने पाहिली होती. पारण्याची ओळ मात्र जुनीच राहिली. त्या व्हिडिओप्रमाणे वागणाऱ्याने रविवारी सकाळी उपवास धरायचा आणि रविवारीच दुपारी एकला बारस सोडायची! एकादशी आणि बारस एका ताटात. निदान आपले वाक्य एकदा मोठ्याने वाचले असते तरी लक्षात आले असते. दिवस एकाचा आणि वेळ दुसऱ्याची घेतली की असेच होणार. एका निर्णयातली प्रत्येक वेळ त्याच निर्णयाची असते. तारीख बदलली तर खालची प्रत्येक ओळ नव्याने तपासावी लागते. रविवारी धरणाऱ्याची बारस सोमवारी सकाळी, स्नान-पूजेनंतर.

हे बोललो की लोक मला गप्प करायला एक वाक्य काढतात. "बुवा, देवाला भाव लागतो, तारीख लागत नाही." वाक्य गोड आहे आणि ते मी स्वतः कीर्तनात शेकडो वेळा बोललो असेन. पण कोणासाठी? ज्याची वारी आजारपणाने हुकली, जिला माहेरी-सासरी कोणी एकादशी धरू दिली नाही, तिच्यासाठी. घोषणा करणाऱ्यासाठी नव्हे. तुझा भाव तुझ्या घरात. ज्या क्षणी तू "मंडळी, शनिवारी एकादशी" म्हणतोस, त्या क्षणी दुसऱ्याच्या पायांना वाट दाखवतोस. वारी हे एकट्याचे व्रत नाही. हजारो माणसे एका दिवशी एका ठिकाणी यायची असतील तर दिवस एकच असावा लागतो. भावाला तारीख लागत नसेल, वारीला लागते.

दुसरी गफलत महिन्याची. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचे नाव एकच, वद्य पक्षात मात्र ते एक महिना पुढे. आपली कार्तिक वद्य एकादशी म्हणजे आळंदीची. ती २०२५ मध्ये १५ नोव्हेंबरला होती. तिला ते मार्गशीर्ष कृष्ण एकादशी म्हणतात. आणि ते जिला कार्तिक कृष्ण एकादशी म्हणतात ती आपली आश्विन वद्य, १७ ऑक्टोबरची, दिवाळीच्या तोंडावरची. हिंदी व्हिडिओतल्या 'कृष्ण'चे 'वद्य' केले म्हणजे भाषांतर झाले, असे समजून कोणी आळंदीचा दिवस सांगितला तर माउलींच्या समाधीचा सोहळा महिनाभर आधी येईल. श्रावणाचेही तेच. त्या साली तिकडचा श्रावण ११ जुलैला लागला, आपला २५ जुलैला. दरवर्षी आपल्याकडच्या बायका मला विचारतात, "श्रावण लागला म्हणे?" मी म्हणतो, काशीत लागला, पारोळ्यात लागायचा आहे.

तिसरी गोष्ट ठिकाणाची, आणि ती परदेशी गेलेल्या लेकरांसाठी सांगतो. तिथीची सुरुवात आणि शेवट साऱ्या जगाला एकाच क्षणी, पण सूर्योदय ज्याच्या त्याच्या गावचा. मुंबईचा सूर्य त्या दिवशी आमच्या पारोळ्याहून सात मिनिटे उशिरा उगवला. एवढ्याने एकादशीचा दिवस सहसा बदलत नाही. न्यू जर्सीत मात्र बदलतो. तीच एकादशी तिथल्या घड्याळात शुक्रवारी रात्री पावणेबाराच्या सुमारास लागली आणि शनिवारी रात्री दहाच्या सुमारास संपली. तिथला शनिवारचा अरुणोदय आणि सूर्योदय दोन्ही एकादशीतच, दशमीचा वेध नाही. तिथे स्मार्ताची आणि भागवताची, दोघांचीही एकादशी शनिवारीच. म्हणजे इथून बापाने "बेटा, पंढरपुरात रविवारी आहे, तूही रविवारी धर" असा व्हिडिओ पाठवला तर तिकडे लेक द्वादशीला उपाशी. खरी माहितीही चुकीच्या गावी गेली की चुकते. म्हणून ठिकाणाचे नाव न घेता सांगितलेली वेळ मी वेळच मानत नाही. मुहूर्ताचे व्हिडिओ तर याच दोषाने भरलेले. दिल्लीचा प्रदोष काढून जळगावात पूजा सांगतात. त्याच दिवाळीत दिल्लीकडे लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला होते आणि आपल्या मराठी पंचांगांत २१ ला. तेव्हाही हीच पळापळ झाली होती. राहुकाळाचे तर विचारूच नका. शनिवारी नऊ ते साडेदहा हा कोष्टकातला आकडा सहाला उजाडून सहाला मावळणाऱ्या दिवसाचा आहे. कार्तिकात पारोळ्याला तो काढला तर सव्वानऊच्या पुढे सुरू होतो. एकादशीला आणि नामाला असला मुहूर्त लागतच नाही. पण सांगायचाच असेल तर बरोबर तरी सांगा.

"पंचांग आम्हाला समजत नाही," असे तरुण म्हणतात. न समजण्यासारखे त्यात फार थोडे आहे. आणि खानदेशातल्या पोराने तरी हे म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. (हा चांगदेव ज्योतिषी, यादव दरबारातला. आपले मुक्ताईचे चांगदेव वेगळे.) तेव्हा सिद्धांत शिकायला पाटण्याला जावे लागे. आज दाते पंचांग किंवा कालनिर्णय हातात घ्यायचे आणि त्या दिवसाची ओळ नीट वाचायची, एवढेच काम.

ओळीत तिथीपुढे आकडा असतो तो तिथी संपण्याचा, लागण्याचा नव्हे. पहिली ठेच इथे लागते. दुसरी ठेच मध्यरात्रीनंतरच्या वेळेची. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून काही पंचांगांत रात्री बारानंतरचे तास चोवीसच्या पुढे मोजतात. रविवारच्या ओळीत द्वादशीपुढे २९.०७ दिसले तर चोवीस वजा करायचे, ५.०७ येतात. पण ते रविवारचे नव्हेत, इंग्रजी तारखेने सोमवारच्या पहाटेचे. इथे एक दिवस चुकला की क्षय तिथी दिसतच नाही आणि पुढचा सगळा निर्णय कोसळतो. मग त्याच दिवशी 'स्मार्त' किंवा 'भागवत' हा शब्द छापला आहे का ते पाहायचे. नुसते 'एकादशी' असेल तर दोन्ही एकच. 'स्मार्त' दिसले की थांबायचे आणि पुढचा दिवस वाचायचा, आपली तिथे असते. हे एका पंचांगात पाहून झाले की दुसऱ्यात पाहायचे. दोन व्हिडिओ जुळले म्हणजे पडताळा झाला नाही, दोघांनी एकाचेच उचललेले असू शकते. वेळेत दोन-चार मिनिटांचा फरक आला तर बिघडत नाही. दिवसात फरक आला तर मात्र व्हिडिओ करू नये. देवस्थानाचे काय ठरले ते विचारावे, कारण यात्रेचा दिवस शेवटी तेच जाहीर करतात. पंढरपूर, आळंदी, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, जळगावचा कार्तिकीचा रामरथ, प्रत्येकाची परंपरा त्या त्या ठिकाणी विचारावी.

आणि वर्ष बोलावे. २०२४ ची कार्तिकी १२ नोव्हेंबरला मंगळवारी होती. त्या सालचा व्हिडिओ २०२५ मध्ये पुन्हा फिरत माझ्यापर्यंत आला. त्यात वर्ष नव्हते, शक नव्हता, फक्त "१२ नोव्हेंबर, मंगळवार". मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, १२ नोव्हेंबरला बुधवार. वार जुळला नाही तिथेच तो व्हिडिओ मेला. व्हिडिओ आला की पहिली कसोटी हीच लावा, तिला पंचांगही लागत नाही. तारीख आणि वार जुळतात का? न जुळले तर पुढे पाठवू नका, पाठवणारा जावई असला तरी.

पारणे आणि एकादशी एका दिवशी घालणारा तो मुलगा पुढे माझ्याकडे आला. पोरगा चांगला आहे, मृदंग वाजवतो. म्हणाला, "बाबा, मी व्हिडिओ काढून टाकला." मी विचारले, पण ज्यांच्या फोनात उतरला त्यांचे काय? काढून टाकल्याने त्याचा हात स्वच्छ झाला, लोकांच्या हातातली चुकीची वेळ तशीच राहिली. ज्या ज्या मंडळाला पहिला पाठवला त्या त्या मंडळाला दुसरा पाठव, आणि पहिल्याच वाक्यात सांग की मागचे पारणे चुकले होते. चित्र तेच ठेव, म्हणजे लोकांना कळेल कशाची दुरुस्ती आहे. त्याला लाज वाटली, पण त्याने केले. पुढच्या वेळेसाठी मी त्याला वहीत लिहून दिले ते असे:

"कार्तिक शुद्ध एकादशी, शके १९४७. भागवत एकादशी रविवार, २ नोव्हेंबर २०२५. स्मार्त एकादशी आदल्या दिवशी, शनिवारी. एकादशी शनिवारी सकाळी ९.११ ते रविवारी सकाळी ७.३१, भारतीय वेळेनुसार. भागवतांचे पारणे सोमवारी सकाळी. हे भारतासाठी आहे, परदेशातील मंडळींनी आपल्या गावचे पंचांग पाहावे. आधार अमुक पंचांग. सांगणारा अमुक, राहणार पारोळा."

त्याने वाचून पाहिले, अर्धा मिनिट लागला. मग म्हणाला, "बाबा, शेवटी माझे नाव कशाला?" मी म्हटले, पारावर मला विचारायला यायचे ना लोक, तसे तुलाही येऊ देत.